शब्द नको, हेक्स द्या. आणि मग मोजा

> "एआयकडून चित्र काढून घेताना प्रॉम्प्टमध्ये दरवेळी 'हळदी पिवळा' लिहितो, तरी प्रत्येक चित्रात पिवळा वेगळाच."

कारण 'हळदी' हा एक रंग नाहीच. मॉडेल शिकलंय ते फोटो आणि त्यांच्या वर्णनांवरून; त्यात ओली हळदही आली, उन्हातली भिंतही. दरवेळी त्यातलं काहीतरी वेगळं वर येतं. हेक्स, म्हणजे रंगाचा सहा खुणांचा कोड, मात्र एकाच जागी बोट ठेवतो: #E3A008 म्हणजे लाल 227, हिरवा 160, निळा 8. तो ज्या वस्तूचा आहे तिच्या नावाला चिकटवून लिहा:

```
back wall: flat #E3A008, even white light
```

प्रकाशाचा उल्लेख गाळू नका. मी एकदा त्याच भिंतीवर 'संध्याकाळचं ऊन' मागितलं. चित्रातला रंग टिपणाऱ्या आयड्रॉपरने मोजलं तर #D9822B. हिरवा 160 वरून 130 वर, म्हणजे सरळ नारिंगी! मोजताना सावली टाळा, सपाट भागावर तीन-चार ठिकाणी टिचकी मारा.

तरी हेक्स हुबेहूब येईलच असं नाही, बरीच मॉडेलं जवळपास पोचतात इतकंच. म्हणून लोगो आणि रंगाची पट्टी मी चित्रात मागतच नाही. ती जागा रिकामी ठेवून नंतर गिम्प या चित्र-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये भरतो.