मदत हवी आहे: लिपिक भरतीच्या जाहिरातीचं प्रूफ तपासायचंय

कृष्णाकाठ
नमस्कार. मी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत हिशेब बघते. आम्हाला दोन लिपिक हवेत, त्याची जाहिरात येत्या रविवारी (३१ मे) वर्तमानपत्रात येईल. प्रूफ उद्या दुपारपर्यंत सही करून परत द्यायचंय आणि ते काम माझ्याकडे आलंय.

गेल्या वर्षी फोन नंबर चुकला होता. शेवटचे दोन आकडे १४ होते, छापून आले 98. तो नंबर एका आजींचा निघाला. दोन दिवस त्यांना फोन जात राहिले, शेवटी त्यांच्या मुलाने वैतागून आमचा पत्ता शोधला. मला फार वाईट वाटलं होतं, कारण प्रूफ मी स्वतः वाचलं होतं. आता मजकूर असा आहे:

> पाहिजेत. लिपिक – २ जागा. पदवीधर, एमएससीआयटी व टायपिंग मराठी ३० किंवा इंग्रजी ४०. अनुभवी व स्थानिक उमेदवारांना प्राधान्य. वेतन संस्थेच्या नियमाप्रमाणे. जाहिरात प्रसिद्ध झाल्यापासून ७ दिवसांच्या आत अर्ज करावेत. मुलाखत रविवार दि. १५ जून रोजी सकाळी ११ वा. संस्थेच्या कार्यालयात.

खाली पत्ता आणि मोबाईल नंबर आहे, तो इथे देत नाही. काय काय बदलू?

सह्याद्रीचा_वारा
नंबरचं सोपं आहे. दहा आकडे मोजायचे. नऊ किंवा अकरा भरले तरच चूक.

खिळे_जुळारी
नाही हो. ताईंच्या गेल्या वर्षीच्या नंबरात आकडे दहाच होते. बावीस वर्षं जाहिरातींचं डीटीपी केलंय, त्यामुळे १४ चे 98 कसे झाले ते सांगू शकतो. ताई, तुम्ही मजकूर हाताने आणि देवनागरी आकड्यांत लिहून दिला होता ना?

कृष्णाकाठ
हो! अध्यक्षांच्या हस्ताक्षरात होता.

खिळे_जुळारी
तेच. ऑपरेटर नंबर इंग्रजी आकड्यांत टाइप करतो. घाईत हाताचा १ त्याला 9 दिसतो, ४ हा 8 दिसतो, आणि ७ चा 6 होतो. या तीन जोड्या मी शेकडो वेळा दुरुस्त केल्यात. म्हणून नंबर देताना टाइप करूनच द्या आणि ज्या आकड्यांत छापायचा त्याच आकड्यांत द्या.

तपासताना तो तुम्ही वाचू नका. तुम्हाला नंबर पाठ आहे, म्हणून डोळा कागदावरचा आकडा न बघता पाठ असलेलाच वाचतो. ज्याला नंबर माहीत नाही अशा माणसाला प्रूफ द्या, त्याच्या फोनवरून कागदावर बघून एकेक आकडा दाबायला सांगा. तुमच्या टेबलावरचा फोन वाजला तर नंबर बरोबर. दुरुस्ती होऊन दुसरं प्रूफ आलं की हेच पुन्हा करा. एका ओळीची दुरुस्ती करताना खालची ओळ बिघडलेली मी पाहिली आहे.

आता महत्त्वाचं. या वर्षी १५ जून सोमवारी येतो. रविवारी आला होता २०२५ मध्ये. गेल्या वर्षीचा मजकूर उचललाय का?

कृष्णाकाठ
बाप रे. हो, जुन्या फाईलवरूनच केलाय. मुलाखत रविवारीच आहे, म्हणजे १४ जून.

खिळे_जुळारी
मग निम्मे लोक रविवारी आले असते, निम्मे सोमवारी, आणि दोघांच्या हातात तीच जाहिरात असती. वार आणि तारीख दोन्ही छापा. त्यांचा मेळ बसला नाही की चूक पकडता येते. नुसती तारीख छापली असती तर मलाही कळलं नसतं. आणि जुन्या फाईलवरून केलंय तर नंबर आज कोणाकडे आहे तेही बघा.

कृष्णाकाठ
पाहिला. तो जानेवारीत सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा स्वतःचा मोबाईल आहे. आता ऑफिसचा नंबर टाकते.

वकिली_बाणा
सात दिवसांबद्दल लिहितो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ प्रमाणे ‘पासून’ म्हटलं की पहिला दिवस धरत नाहीत. म्हणजे ३१ मे सोडून ७ जूनपर्यंत मुदत. यात संदिग्ध काही नाही.

खिळे_जुळारी
वकीलसाहेब, ते कलम केंद्राचे कायदे कसे वाचायचे यासाठी आहे, पतसंस्थेच्या जाहिरातीसाठी नाही. अर्ज करणारी मुलगी बोटांवर मोजणार. रविवार पहिला धरला तर शनिवार ६ जूनला मुदत संपते, न धरला तर रविवार ७ जूनला. रविवारी ऑफिस बंद.

वकिली_बाणा
मान्य. शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल तर पुढचा दिवस धरतात हे कलम १० आहे, पण तेही कायद्यांपुरतंच. आणि माझ्याच गणिताने मुदत रविवारी संपते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

खिळे_जुळारी
शिवाय जाहिरात जागेअभावी सोमवारी गेली, तर ‘प्रसिद्ध झाल्यापासून’ची सगळी मोजणी सरकते. ‘अर्ज करावेत’ हेही अर्धवट आहे. शनिवारी टपालात टाकलेला अर्ज बुधवारी आला तर घेणार का? ‘पोहोचले पाहिजेत’ लिहा आणि वेळ टाका.

स्वप्नाली_बीकॉम
मी बी.कॉम. आहे. माझं मराठी टायपिंग ३० झालंय, एमएससीआयटी नाही. मी चालेन का? अर्ज कुठे द्यायचा?

सह्याद्रीचा_वारा
ताई, इथे जाहिरात तपासणं चाललंय, भरती नाही.

कृष्णाकाठ
थांबा, त्यांचा प्रश्न बरोबर आहे. स्वप्नालीताई, तुम्ही ती ओळ कशी वाचली?

स्वप्नाली_बीकॉम
मला वाटलं, एमएससीआयटी आणि मराठी टायपिंग दोन्ही, किंवा मग नुसतं इंग्रजी ४०. माझ्या मैत्रिणीकडे इंग्रजी ४० आहे, ती म्हणते तिला एमएससीआयटी लागणारच नाही.

कृष्णाकाठ
आमच्या मनात होतं: एमएससीआयटी सगळ्यांना हवंच, टायपिंग दोन्हींपैकी कुठलंही एक. म्हणजे तुमच्या मैत्रिणीने अर्ज केला असता आणि आम्ही तो बाजूला ठेवला असता.

खिळे_जुळारी
एका वाक्यात ‘व’ आणि ‘किंवा’ दोन्ही आले की असंच होतं. दोन वाक्यं करा. ‘अनुभवी व स्थानिक’मध्येही तोच घोळ आहे: दोन्ही हवं की एक? आणि स्थानिक म्हणजे गावचा, तालुक्याचा की जिल्ह्याचा?

कृष्णाकाठ
अध्यक्षांना फोन केला. तालुका म्हणाले, आणि अनुभव नसला तरी चालेल. आता असं केलंय:

> पाहिजेत. लिपिक – २ जागा. शिक्षण: कोणत्याही शाखेचा पदवीधर. एमएससीआयटी आवश्यक. टायपिंग: मराठी ३० किंवा इंग्रजी ४०, यापैकी कोणतेही एक आवश्यक. अनुभवाची अट नाही. तालुक्यातील रहिवाशांना प्राधान्य. वेतन संस्थेच्या नियमाप्रमाणे. अर्ज सोमवार, दि. ८ जून २०२६ रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत खालील पत्त्यावर पोहोचले पाहिजेत. मुलाखत रविवार, दि. १४ जून २०२६ रोजी सकाळी ११ वाजता.

खिळे_जुळारी
मुलाखतीला प्रत्येक अर्जदाराने यायचं की निवडलेल्यांनाच बोलावणार? ते लिहिलेलं नसेल तर १४ तारखेला दारात गर्दी होईल. वेतनाचा आकडाही टाका, निदान किती ते किती.

कृष्णाकाठ
निवडलेल्यांनाच, फोन करून. ते वाक्य घालते. वेतनाला अध्यक्ष तयार नाहीत, आकडा छापला की जुने कर्मचारी विचारतील म्हणतात.

सह्याद्रीचा_वारा
त्यांचंही बरोबर आहे. आमच्याकडे त्यावरून वाद झाला होता.

स्वप्नाली_बीकॉम
पण आम्हाला गाडीभाडं घालून यायचं असतं हो. येऊन आकडा ऐकून परत जायचं तर आधीच सांगितलेलं बरं.

कृष्णाकाठ
ताई, तुमचं हे बोलणं उद्या सकाळी जसंच्या तसं अध्यक्षांना सांगते. प्रूफ दुपारी परत द्यायचंय, तेवढा वेळ आहे. नंबरसाठी शेजारच्या झेरॉक्सवाल्या पोराला बसवलंय, त्याला आमचा नंबर माहीत नाही.

स्वप्नाली_बीकॉम
आता वाचून कळलं, मला एमएससीआयटी आधी करावं लागेल. मैत्रिणीलाही सांगते.