पत्रात ६०, परिपत्रकात ५८: कंपनी आधीच घरी बसवू शकते का?

ऐरोलीकर: महापेला कारखान्यात २६ वर्षं मशीनवर आहे. नेमणूकपत्रात निवृत्ती ६० ला. आता नोटीस बोर्डावर परिपत्रक लागलंय, पुढच्या महिन्यापासून ५८ पूर्ण झालेले निवृत्त. मला तेव्हाच ५८ पूर्ण होतात. असं करता येतं का?

कळवा नाका: येतं. पीएफवाल्यांची पेन्शन ५८ लाच सुरू होते, म्हणजे निवृत्तीही ५८ ला. माझा मुलगा डिप्लोमा करून दीड वर्ष घरी बसलाय. जागा रिकाम्या नको व्हायला?

वागळे युनियन: पेन्शन ५८ ला सुरू होते हे बरोबर. पण नोकरी कधी संपते ते पेन्शन योजना ठरवत नाही. ते नेमणूकपत्र, कारखान्यातल्या नोकरीच्या अटींचे स्थायी आदेश किंवा युनियनचा करार ठरवतो.

दादा, करारात लिहिलेल्या वयाला घरी पाठवलं तरच कायदा त्याला निवृत्ती मानतो. त्याआधी काढलं तर ती कामगार कपात. मग किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावाच लागतो. पगार ४२,००० धरला तर २६ वर्षांचे साधारण १३ महिने, म्हणजे ५,४६,००० रुपये. ग्रॅच्युइटी याच्याव्यतिरिक्त. बऱ्याचदा ग्रॅच्युइटीचाच चेक पुढे करून ‘सगळं दिलं’ म्हणतात.

आणि कपातीत त्या कामातला शेवटी आलेला सहसा आधी जातो. इथे नेमकं उलटं चाललंय. ‘स्वेच्छेने निवृत्त होत आहे’ अशा कागदावर सही करू नका. आमच्या एका फिटरने पेढे खाता खाता केली, आता दोन वर्षं तीच सही खोडायला झगडतोय.

रबाळे प्लास्टिक: माझा छोटा कारखाना आहे. साठीजवळच्या माणसाला रात्रपाळीत प्रेसवर उभं करताना माझ्याच पोटात गोळा येतो. शिवाय पत्रात ‘कंपनीचे नियम वेळोवेळी बदलतील’ अशी ओळ असते. तिला काही अर्थ नाही का?

वागळे युनियन: काळजी खरी असेल तर डॉक्टरी तपासणी करा, पाळी बदला. त्या ओळीवर मात्र भांडण होतंच. माझ्या मते स्पष्ट लिहिलेलं ६० तिने पुसलं जात नाही. तुमचा वकील उलट सांगेल.

कोपरखैरणे ५१: मी डेप्युटी मॅनेजर. प्रमोशनच्या मुलाखतीत विचारलं, ‘मॅडम, अजून किती वर्षं आहात?’ जागा मिळाली मीच काम शिकवलेल्या ३६ वर्षांच्या मुलाला. मला ती कपात लागू होईल का?

वागळे युनियन: ताई, तुमचं प्रकरण वेगळं आणि अवघड आहे. खासगी नोकरीत वयावरून डावलण्याविरुद्ध आपल्याकडे थेट कायदा नाही. समान संधीचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं. कंपनीचं लेखी प्रमोशन धोरण असेल तर ते मागा आणि तो प्रश्न कोणासमोर विचारला ते आजच लिहून ठेवा. कपातीचा नियम कायद्याने कामगार असलेल्यालाच, तोही नोकरीवरून काढलं तरच; हुद्दा मॅनेजरचा असला तरी प्रत्यक्ष काम काय करता त्यावर कामगार की नाही ते ठरतं.

कळवा नाका: मग माझ्या मुलाने कुठे जायचं?

ऐरोलीकर: पत्र काढलं. दुसऱ्या पानावर ६० आहे. तळाला ती ओळही आहे.

वागळे युनियन: युनियनच्या शेवटच्या कराराची प्रत शोधा. त्यात वय असेल तर ते धरू. रविवारी दोन्ही कागद घेऊन या.