मदत हवी आहे: संध्याकाळच्या रेंडरमध्ये चाफ्याची पानं काळी पडतात

नमस्कार मंडळी. जळगावातल्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसचं अंगण ब्लेंडरमध्ये दाखवतोय. मधोमध पूर्ण वाढलेला, साधारण 12 फुटी चाफा आहे आणि बुंध्याशी 3000 केल्विनचा अपलाइट, त्याला आयईएस फाइल लावली आहे. दिवसाचं चित्र छान येतं. संध्याकाळी मात्र बुंधा पांढरा फटक आणि वरची पानं काळी! दिव्याची तीव्रता वाढवली की बुंधाच आणखी जळतो. पानांच्या मटेरियलमध्ये ट्रान्सलुसंट मिसळून पाहिलं, तर ती प्लास्टिकसारखी हिरवी दिसतात. दिवा बुंध्यापासून दोनेक फूट लांब सरकवून तिरका करू, की आकाशाचा उजेड वाढवून एक्स्पोजर बदलू? कमिटीला हेच चित्र दाखवून दिवे घ्यायचे आहेत, म्हणून खोटा उजेड टाकायचा नाही.