गरजांच्या टोपलीत काय घालायचं, हे ठरवतं कोण?

जिज्ञासू: जगायला लागणाऱ्या वस्तूंची टोपली ठरवायची, किंमत काढायची, तेवढंही ज्याला परवडत नाही तो गरीब. इतकं सरळ निरपेक्ष मोजमाप असताना, सगळ्यांना उत्पन्नाने ओळीत लावायचं, मधोमध येणाऱ्याचं उत्पन्न म्हणजे मध्यक, आणि त्याच्या ६० टक्क्यांहून कमी मिळवणारा गरीब, ही सापेक्ष भानगड कशाला? शेजाऱ्याचा पगार वाढला म्हणून मी गरीब होतो का?

रोखठोक: अगदी! मंदीनंतर २०१०-११ मध्ये ब्रिटनमध्ये मध्यकच घसरला आणि सापेक्ष गरिबी 'कमी' झाली. लोकांच्या हाती पैसा कमी, आकडा मात्र छान.

मोजपट्टी: तो दोष खराच. पण टोपली सरळ असते हे कुणी सांगितलं? आहाराचं त्यातल्या त्यात जमतं. उष्मांक ठरवायचे, गरीब घरांत जे खरोखर खातात त्यातून ते भरायचे, भाव लावायचे. कपडे, भाडं, औषधं यांना कुठले उष्मांक? म्हणून लोकांच्या खर्चाकडे बघावं लागतं.

समजा, आहाराची टोपली १०० ला पडते. ज्या घरांचा एकूण खर्चच १०० आहे, ती तरी सगळे पैसे खाण्यावर घालतात का? समजा ७० घालतात. उरलेले ३० पोटाला चिमटा काढून केलेले, म्हणजे टाळताच न येणारे. गरिबीची रेषा झाली १३०. आता ज्यांचा नुसता खाण्याचा खर्च १०० आहे, ती घरं घ्या. त्यांचा एकूण खर्च १६० निघाला, तर रेषा १६०. आहाराची टोपली तीच, दोन्ही रेषा निरपेक्ष. या दोन रेषांच्या मधल्यांना गरीब म्हणायचं की नाही, ते माणसंच ठरवतात.

रोखठोक: एवढा घोळ कशाला? अमेरिकेसारखं आहारखर्चाला तीनने गुणा.

मोजपट्टी: तो तीन आला कुठून? १९५५ च्या पाहणीत तिथल्या कुटुंबांच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा खाण्यावर जात होता, त्यावरून तिथल्या सरकारी अर्थतज्ज्ञ मॉली ओरशान्स्कींनी तो घेतला. पुढे रेषा फक्त महागाईप्रमाणे वाढवत नेली. खाण्याचा हिस्सा घटत गेला, म्हणजे आज तोच हिशेब केला तर गुणक तीनच्या बराच वर जाईल.

चौथा_मजला: आमच्या इमारतीत सगळ्यांकडे गाडी आहे, माझ्याकडे नाही. मी सापेक्ष गरीब ना?

मोजपट्टी: मध्यक देशाचा धरतात हो, इमारतीचा नाही.

जुनी_पानं: इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात १८९९ मध्ये समाजसंशोधक राउन्ट्रीने गरिबीची पाहणी केली, तेव्हाची रेषा इतकी कडक होती की त्यात राहणाऱ्याने बसभाडं द्यायचं नाही, वर्तमानपत्र घ्यायचं नाही, परगावच्या मुलांना पत्रसुद्धा टाकायचं नाही, कारण तिकिटाचे पैसे टोपलीत नव्हते. १९३६ मध्ये पुन्हा पाहणी केली, तेव्हा त्यानेच टोपलीत वर्तमानपत्र आणि रेडिओ घातला. निरपेक्ष म्हणता म्हणता टोपलीही काळाबरोबर सरकलीच की.

रोखठोक: रेडिओ म्हणजे चैन. टोपली फुगवत गेलात तर गरिबी कधीच संपायची नाही.

जुनी_पानं: बरं, रेडिओ काढा. पत्राचं तिकीट ठेवायचं की तेही काढायचं?