मदत हवी आहे: दीर्घ अबोल्यानंतरचं पत्र

गेल्या दिवाळीपासून माझं आणि माझ्या जोडीदाराचं बोलणं बंद आहे. त्याला नाशिकला नोकरी लागली, मला आईच्या आजारपणामुळे पुणं सोडता येईना, आणि त्या ताणात दोघांनीच ठरवलं की थोडं थांबूया. आता मला त्याला लिहायचंय. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, कारण निळी टिक दिसली की त्याच्यावर लगेच उत्तराचं ओझं येतं. म्हणून टपालाने, एक पानभर.

पहिल्या मसुद्यात जुनं भांडण पुन्हा मांडलं गेलं. वाचताना लक्षात आलं की "तू तेव्हा" ने सुरू होणारं प्रत्येक वाक्य त्याला उत्तर द्यायला नाही, बचाव करायला लावेल. ती सगळी काढली. आता मधला भाग असा आहे:

"तुझी आठवण येते. लगेच पूर्वीसारखं व्हावं असं मी म्हणत नाही. तुला चालणार असेल तर आधी अधूनमधून पत्रं लिहू, मग रविवारी थोडा वेळ फोन. भेटायचं नंतर ठरवू. नको असेल तर तेवढंच कळव, मी पुन्हा लिहिणार नाही."

शेवटचं वाक्य मला हवंच आहे, त्याला नकाराची मोकळीक हवी. पण ते धमकीसारखं वाचलं जाईल का? आणि नाशिकचा प्रश्न अजून सुटलेला नाही, त्याचा उल्लेख याच पत्रात करावा की बोलणं सुरू झाल्यावर? असं पत्र कुणाला आलं असेल तर नक्की सांगा, काय वाचून बरं वाटलं आणि कुठे खटकलं?