मदत हवी आहे: फोटोतली इअरफोनची वायर काढताना कॉलरची कड फासटते

कंदील_स्टुडिओ
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी माझा लहानसा स्टुडिओ आहे. वर्षश्राद्धासाठी एका घरातून काकांचा फोटो आलाय, १२ बाय १८ ची फ्रेम करायची आहे. दुसरा चांगला फोटो नाही म्हणतात. चेहरा सुरेख आलाय, पण एका कानातून काळी वायर निघून मानेवरून कॉलरवर आणि तिथून शर्टावर उतरलीय. वर गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची निळी पट्टी. दोन्ही काढायचंय. तुळशीची माळ मात्र ठेवायची, ते घरच्यांनी निक्षून सांगितलंय.

मानेवरची वायर हीलिंग ब्रशने छान जाते. पण कॉलरच्या कडेला पोचलो की तिथे तपकिरी-करडा डाग पसरतो. क्लोन स्टॅम्प घेतला तर कड कुठे मऊ, कुठे करवतीसारखी. शर्ट निळ्या बारीक चौकडीचा आहे, त्यामुळे जरा चुकलं तरी दिसतं. फोटोशॉप CS6 आहे. काय करावं?

घाईत_गण्या
एवढं काय त्यात. लॅसोने वायर घ्या, Shift+F5 दाबा, `Content-Aware` निवडा, ओके. आणि सिलेक्शनला ५ पिक्सेल फेदर द्या म्हणजे जोड कळणारच नाही.

जुनी_भिंग
गण्याभाऊंचा उपाय शर्टाच्या मधल्या भागात चालेल, कडेवर नाही. ५ फेदर तर मुळीच नको, डाग पसरायचं तेच कारण होईल.

कंदीलदादा, हीलिंग ब्रश पोत एका जागेचा घेतो, पण रंग आणि उजेड रंगवलेल्या भागाच्या भोवतीचा जुळवतो. तुमचा ब्रश कॉलरच्या कडेवर असतो तेव्हा भोवती एका बाजूला कातडी, दुसऱ्या बाजूला कापड. तो दोन्ही कालवतो. म्हणून वायरला एक लांब वस्तू समजू नका. जिथे जिथे ती कड ओलांडते तिथे तोडा. मानेवरचा तुकडा, कॉलरवरचा तुकडा, कॉलरखालच्या शर्टावरचा तुकडा, तिन्ही वेगळी कामं.

आधी कड बांधून घ्या. पेन टूलने वायरच्या वर जिथे कॉलरची कड स्वच्छ दिसतेय तिथून सुरुवात करा आणि वायरच्या खाली जिथे ती पुन्हा दिसते तिथवर या. वायरच्या अगदी लगत बिंदू देऊ नका, थोडं लांबून द्या, म्हणजे मधली वळणरेषा खऱ्या कडेच्या ओघातच जाईल. पाथ मानेच्या बाजूने ऐसपैस फिरवून बंद करा, Ctrl+Enter. आता फक्त मान सिलेक्ट झाली. Ctrl+H ने मुंग्या लपवा, नाहीतर कड दिसतच नाही.

फेदर किती? ३०० टक्के झूम करून शेजारची खरी कड बघा. कापडाचा रंग संपून कातडीचा लागेपर्यंत किती पिक्सेल जातात ते मोजा. मोबाईलच्या फोटोत साधारण दोन-तीन असतात, मग १ पुरे. त्याहून जास्त दिलंत तर तेवढाच पट्टा धूसर होईल.

वरती रिकामा लेअर, क्लोन स्टॅम्प, `Aligned` चालू, `Current & Below`. आणि नमुना कडेला समांतर सरकून घ्या. कॉलरची सावली मानेवर पडलेली असते, कडेजवळ गडद आणि पुढे फिकी. मानेच्या मध्यातून नमुना घेतला तर कडेला उजळ ठिपका पडतो. कडेपासून तेवढ्याच अंतरावरचा घेतला की सावली आपोआप जुळते. मान झाली की Ctrl+Shift+I, आणि त्याच रेषेच्या पलीकडे कॉलर भरा. एकच रेषा दोन्ही बाजूंना वापरल्यामुळे मध्ये फट राहत नाही.

अजून एक, वायरपेक्षा रुंद भाग पुसा. मोबाईल स्वतःच शार्प करतो, त्यामुळे काळ्या वायरच्या दोन्ही अंगांना उजळ रेघ असते. वायर गेली आणि तिचं भूत राहिलं असं दिसतं ते यामुळेच.

रानजाई
सिलेक्शन लावलं की हीलिंग ब्रशही डाग पसरवत नाही असं मी वाचलंय. मग क्लोन कशाला?

जुनी_भिंग
बरोबर आहे ताई. बाहेरचा रंग आत यायचा थांबतो. मानेवर मीही कधीकधी हीलिंगच वापरते. पण तेव्हा सिलेक्शन कडेवर तंतोतंत हवं. ते वायरच्या काठावर पडलं तर काळा रंग आतच राहतो आणि तोच पसरतो. चौकडीवर मात्र क्लोनच.

आईची_लगबग
माझ्या मुलाच्या फोटोत पण गळ्यात हेडफोन आहे, पासपोर्टसाठी हवाय. कोणी काढून देईल का? पैसे देईन.

कंदील_स्टुडिओ
ताई, पासपोर्टला फेरफार केलेला फोटो चालत नाही. हेडफोन काढून पुन्हा फोटो काढून घ्या, तेच स्वस्त पडेल.

भिंगताई, मानेकडची कड जमली! अगदी कापल्यासारखी. पण कॉलरवरच्या चौकडीत गोंधळ होतोय. शर्टावरून नमुना घेतला तर रेघा तिरक्या बसतात.

जुनी_भिंग
बसणारच. कॉलरचं कापड वेगळं कापून शिवलेलं आणि वर दुमडलेलं असतं, त्याच्या रेघा अंगाच्या रेघांच्या कोनात नसतात. कॉलरला कॉलरचाच नमुना. जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात त्या फुलीवर Alt धरून क्लिक करा आणि वायरखाली जिथे फुली यायला हवी तिथूनच रंगवायला सुरुवात करा. पहिली फुली बसली की बाकीच्या बसतात. दुसऱ्या बाजूची कॉलर उलटी करून आणायचा मोह होईल. `Clone Source` पॅनलमध्ये W ला वजा १०० केलं की होतं ते. पण उजेड एका बाजूने असेल तर ती कॉलर फिकी किंवा काळपट दिसेल, मग कर्व्ह लावत बसा.

माळेवरून वायर गेलीय तिथे मणी रंगवू नका. शेजारचाच मणी त्याच्या सावलीसकट Ctrl+J ने उचला आणि जागेवर थोडा फिरवून ठेवा. अगदी तसाच दोनदा दिसू नये एवढंच बघा.

घाईत_गण्या
आधी फोटो मोठा करून घ्या, मग काम करा. बारीक काम सोपं जातं.

जुनी_भिंग
मी उलट करते. मूळ आकारात दुरुस्ती, मग मोठा. म्हणजे दुरुस्त केलेला भाग आणि बाकीचा एकाच वेळी मऊ होतो. आणि फोटो व्हॉट्सॲपवरून आला असेल तर घरच्यांकडून डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवा.

रानजाई
मी मोठा करूनच करते आणि प्रिंटमध्ये कधी कोणाला कळलं नाही. ज्याची त्याची सवय.

कंदील_स्टुडिओ
मूळ फाइल मिळाली, बरीच मोठी आहे. वायर पूर्ण गेली, मणीही बसला. पट्टीपण काढली, पण ती कॉलरखालून जात होती तिथे कॉलर उचललेलीच राहिलीय. खाली काही नाही आणि कापड फुगलंय, विचित्र दिसतं.

जुनी_भिंग
तो फुगवटा रंगाचा नाही, उजेड-सावलीचा आहे. ५० टक्के करड्याने भरलेला लेअर, मोड `Soft Light`, त्यावर मऊ ब्रश, अपारदर्शकता ५ ते १० टक्के. फुगवट्याच्या माथ्यावर काळा, पायथ्याच्या सावलीवर पांढरा, हळूहळू. चौकडी तशीच राहते. पण कॉलरचं टोक खरंच वर उचललेलं असेल तर एवढ्याने भागणार नाही, ते वॉर्पने खाली आणावं लागेल आणि मग कडेचं सगळं पुन्हा. कॉलरच्या टोकाचा तेवढाच भाग इथे टाकता का? चेहरा नको.

कंदील_स्टुडिओ
घरच्यांना विचारून टाकतो.