अनुभव धागा: सिस्टिम डिझाइनच्या मुलाखतीत शेवटची एक जागा उरते तेव्हा

सातपूरकर

मंडळी, सहा वर्षं बॅकएंडवर काम केलंय, सध्या नाशिकला घरूनच. मिड लेव्हलच्या दोन मुलाखतींमध्ये सिस्टिम डिझाइनच्याच फेरीत अडकलो. दुसरीत काय झालं ते सविस्तर सांगतो. तुम्हीही तुमचे अनुभव लिहा, मी रोज वाचतो आहे.

प्रश्न होता तिकीट बुकिंगचा. मी वीस मिनिटं काफ्का, मायक्रोसर्व्हिस आणि शार्डिंगचे चौकोन काढत बसलो. समोरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेवटची एक सीट आहे. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं. तुमच्या चित्रात काय होतं?" मी म्हणालो, आधी शिल्लक वाचतो, शून्याच्या वर असेल तर एक वजा करून लिहितो. बोलता बोलताच लक्षात आलं की दोघंही "१ शिल्लक" वाचणार आणि दोघांनाही तिकीट मिळणार. त्यानंतर सावरता आलं नाही.

आता सरावासाठी मी एक गावातलाच प्रश्न घेतलाय. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहराबाहेरच्या पार्किंगची आगाऊ नोंदणी. आकडे मीच धरलेत: दहा तळ, प्रत्येकी ५,००० गाड्या, सकाळी दहाला नोंदणी सुरू, पहिल्या दहा मिनिटांत ५ लाख लोक. म्हणजे सेकंदाला सरासरी ८३३ विनंत्या, पहिल्या मिनिटात त्याच्या चार-पाच पट धरू. यावर तुम्ही काय बोलला असतात?

ओझरचा_पक्या

पार्किंग मला पण आलं होतं भाऊ! Vehicle चा बेस क्लास, त्यातून कार, बाईक, ट्रक, मग तळमजला-पहिला मजला, आणि भाड्यासाठी स्ट्रॅटेजी पॅटर्न. पाऊण तासात चालणारा कोड मागितला होता. क्लास नीट पाडले की काम झालं.

सातपूरकर

पक्या, ती मशीन कोडिंगची फेरी असते. माझा प्रश्न लाखभर लोक एकदम आल्यावरचा आहे. पण तुझ्यामुळे एक आठवलं: पहिल्या मुलाखतीत मीही ही गल्लत केली होती. आता सुरुवातीलाच विचारून घेतो, क्लासपर्यंत जायचंय की सर्व्हिस आणि डेटाबेसपर्यंत.

रोहन_इंदिरानगर

सोपं आहे. रेडिसमध्ये लॉक घ्यायचा, दहा सेकंदांची मुदत लावायची, ज्याला लॉक मिळाला त्याने बुक करायचं. मी दोन ठिकाणी हेच सांगितलं, एका ठिकाणी निवड झाली.

मृणाल_ताई

रोहन, दिशा बरोबर आहे, पण मी मुलाखती घेते तेव्हा यावर पुढचा प्रश्न नक्की विचारते. लॉक घेतलेला सर्व्हर मधेच बारा सेकंद अडकला तर? मुदत संपते, लॉक दुसऱ्याला मिळतो, मग पहिला जागा होतो आणि आपल्याकडे अजून लॉक आहे असं समजून लिहून टाकतो. म्हणून शेवटची तपासणी जिथे लिहायचं तिथेच, डेटाबेसमध्ये हवी:

```sql
UPDATE slots SET remaining = remaining - 1
WHERE lot_id = 7 AND remaining > 0;
```

किती ओळी बदलल्या ते बघायचं. एक असेल तर जागा मिळाली, शून्य असेल तर तळ भरला. दोघं एकदम आले तर दुसरा त्या ओळीच्या लॉकवर थांबतो, आणि पोस्टग्रेसमध्ये नेहमीच्या आयसोलेशनला पहिल्याचं कमिट झाल्यावर त्याची अट पुन्हा तपासली जाते.

सातपूरकर, तुमच्या आकड्यांतून एक गोष्ट काढून दाखवा, समोरचा खूश होतो. समजा प्रत्येक व्यवहार ती ओळ ५ मिलिसेकंद धरून ठेवतो. म्हणजे एका तळावर सेकंदाला २०० बुकिंग. ५,००० जागा २५ सेकंदांत संपतात! शार्डिंगची गरजच उरत नाही. खरा त्रास नंतरचा आहे: भरलेल्या तळावर येत राहणारे लाखो लोक कनेक्शन अडवून बसतात. त्यांना डेटाबेसपर्यंत पोचूच द्यायचं नाही. "तळ भरला" ही खूण कॅशमध्ये ठेवा, आणि दारातच रांग लावा.

आता याच व्यवहारात पेमेंट गेटवेला कॉल केला आणि त्याला दोन सेकंद लागले, तर तेच ५,००० बुकिंग व्हायला १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतील. बरेच उमेदवार इथेच फसतात. चित्रात बाण बरोबर असतो, पण लॉक कुठे सुरू होतो आणि कुठे सुटतो हे कोणी सांगत नाही.

सातपूरकर

ताई, २५ सेकंदांचा हिशेब मी कधी केलाच नव्हता. मग पेमेंट बाहेर काढायचं म्हणजे जागा आठ मिनिटं राखून ठेवायची, `HELD`, आणि पैसे आले की `CONFIRMED`. आठ मिनिटांत आले नाहीत तर एक जॉब ती `EXPIRED` करून शिल्लक एकने वाढवतो. बरोबर?

रोहन_इंदिरानगर

आणि पैसे नवव्या मिनिटाला आले तर परत करायचे. अट लावून अपडेट करा, `HELD` असेल तरच `CONFIRMED`. शून्य ओळी बदलल्या की रिफंड.

मृणाल_ताई

जवळजवळ बरोबर. पण गेटवे तोच निरोप दोनदा पाठवू शकतो. पहिल्या निरोपाला `CONFIRMED` झालं, दुसऱ्याला शून्य ओळी, आणि तुमच्या नियमाने पक्क्या बुकिंगचा रिफंड गेला. भाविक गाडी घेऊन तळावर, पैसे त्याच्या खात्यात! म्हणून शून्य आलं की आधी बघा: याच पेमेंट क्रमांकाने आधीच पक्कं झालंय का? तसं असेल तर गप्प बसायचं. `EXPIRED` असेल तर आधी पुन्हा जागा मिळते का बघा, नसेल तरच रिफंड.

आणि मुदत संपवणाऱ्या जॉबनेही `HELD` असेल तरच बदलायचं, आणि शिल्लक त्याच व्यवहारात वाढवायची. नाहीतर जॉब मधेच पडला की जागा हरवते किंवा दोनदा परत येते. रात्री पक्की अधिक राखलेली अधिक शिल्लक यांची बेरीज ५,००० भरते का, हे तपासणारी एक क्वेरी सांगितलीत तर मला कळतं की या माणसाने हे प्रत्यक्ष चालवलंय.

गंगापूररोड_स्नेहल

मला एवढं सगळं येतं, पण बोलताना अडकते. डोक्यात मराठी, तोंडात इंग्रजी, आणि पंचेचाळीस मिनिटं. आम्ही तिघीजणी दर रविवारी सकाळी भेटतो. एकीने प्रश्न द्यायचा, दुसरीने कागदावर काढत बोलायचं, तिसरीने फक्त घड्याळ बघायचं. तिच्या नोंदींवरून कळलं की मी आकड्यांतच चौदा मिनिटं घालवत होते. आता पाच. त्यानंतर साधं चित्र, आणि निम्मा वेळ एकाच अवघड जागेवर.

रोहन_इंदिरानगर

पाच तरी कशाला? मी आकडे काढतच नाही, विचारले तरच देतो.

मृणाल_ताई

माझ्यासमोर तसं केलंत तर मला आवडणार नाही, कारण शार्डिंग नको हे त्या आकड्यांवरूनच ठरलं. पण माझे एक सहकारी अगदी तुमच्यासारखेच आहेत, त्यांना आकडे म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. आमचं यावर अजून एकमत नाही.

सातपूरकर

स्नेहलताई, या रविवारी चौथ्याला जागा असेल तर मी येतो. एक गोष्ट मात्र अजून सुटली नाहीये. समजा, गाडीला तळावरचा नेमका क्रमांक द्यायचा. मग एक शिल्लक आकडा पुरत नाही, ५,००० ओळी लागतात. त्यात सगळे पहिल्याच मोकळ्या ओळीवर झडप घालतात. मी `FOR UPDATE SKIP LOCKED` लावून बघितलं, थांबणं गेलं. पण शेवटच्या काही जागा दुसऱ्यांनी धरलेल्या असताना तो "तळ भरला" सांगतो, आणि त्यातलाच एक व्यवहार रोलबॅक झाला की जागा मोकळीच राहते. अशा वेळी "भरला"ची खूण कॅशमध्ये कधी टाकायची?